जर्मन भूतकाळात फारेनला, म्हणजे गाडीने जाण्याला, सहायक क्रियापद हाबेन की झाइन?

‘इश ___ गेस्टर्न नाख सांगली ___ (फारेन)’ यात काय भरायचं? क्लासमध्ये सांगितलंय की फारेनला कायम झाइन, पण सराव-पुस्तकात एका वाक्यात ‘हाबे’ आहे.

इथे झाइनचं ‘मी’बरोबरचं रूप ‘बिन’ आणि शेवटी ‘गेफारन’: इश बिन गेस्टर्न नाख सांगली गेफारन, म्हणजे मी काल सांगलीला गेलो. समजा साताऱ्याहून निघून सांगलीला पोचलात, म्हणजे जागा बदलली, म्हणून झाइन.

‘कायम’ मात्र खरं नाही. पुस्तकातल्या त्या वाक्यात बहुतेक ‘डास आउटो’ असेल: इश हाबे डास आउटो नाख सांगली गेफारन. रस्ता तोच, सांगलीही तीच, पण आता गाडी हे कर्म आलं, म्हणून हाबेन. म्हणून रिकामी जागा भरताना आधी कर्म शोधा, मग हालचाल बघा. ‘नाख सांगली’ हे कर्म नव्हे, ते फक्त ठिकाण.

मराठीत ‘मी गेलो’ पण ‘मी गाडी चालवली’, तसंच काहीसं. पण या आधारावर फार विसंबू नका. ‘मी झोपलो’ला जर्मनमध्ये हाबेन लागतं (इश हाबे गेश्लाफन), आणि जागचं न हलणाऱ्या ‘ब्लायबेन’ला, म्हणजे राहण्याला, चक्क झाइन! ते पाठच करायचं.

आणि दुसऱ्या रिकाम्या जागेत डोळे मिटून ‘गे’ लावू नका. ‘बेझूखेन’चं, म्हणजे भेट देण्याचं, नुसतं ‘बेझूख्ट’ होतं.