पेट्रोल घेऊन निघाला, पण गंजी पेटवलीच नाही. गुन्हा होतो का?

"बांधाच्या वादातून एकजण बाटलीत पेट्रोल घेऊन आमच्या सोयाबीनच्या गंजीकडे निघाला होता. रस्त्यातच अडवला. केस होईल का? (औसा, जि. लातूर)"

एकटाच असेल तर जाळण्याच्या प्रयत्नाची केस टिकणं अवघड. पेट्रोल घेणं, वाटेला लागणं ही तयारी. माणूस अजून माघारी फिरू शकतो. 1968 साली मल्कियत सिंग खटल्यात परवान्याविना दिल्लीकडे धान नेणारा ट्रक तेव्हाच्या पंजाबातच समालखा नाक्यावर पकडला गेला, तेव्हा सुप्रीम कोर्टाने हेच कारण देऊन आरोपींना सोडलं होतं.

तोच गडी गंजीवर पेट्रोल ओतून काडी ओढताना सापडला, तर प्रयत्न झाला. वाऱ्याने काडी विझली तरी सुटका नाही. पीक जाळण्याला सात वर्षांपर्यंत कैद (न्याय संहिता कलम 326), प्रयत्नाला त्याच्या निम्मी (कलम 62).

आता खरी मेख. आदल्या रात्री दोघांनी "उद्या पेटवू" असं ठरवलं असेल, तर कट तिथेच पूर्ण (कलम 61), पेट्रोल घेतलेलं नसलं तरी. आणि एकाने दुसऱ्याला नुसती फूस दिली, त्याने ऐकलं नाही, तरी फूस देणारा अडकतो. म्हणून त्याचे आधीचे फोन, मेसेज, सोबत कोण होतं, हे पोलिसांना आवर्जून सांगा.