स्क्रीनशॉटमधल्या तीन आकड्यांनी ठरेल पैसे कोणाचे गेले

"वकीलसाहेब, मी हर्णैचा, बोटीसाठी फिश फाइंडरचा पार्ट चिनी साइटवर मागवत होतो. कार्डाचे आकडे भरल्यावर लाल अक्षरात चिनी एरर आली, ती कळेना म्हणून स्क्रीनशॉट काढून एका फुकट भाषांतर साइटवर टाकला. शुक्रवारी रात्री खात्यातून १८,४०० आणि २४,१५० गेल्याचे मेसेज आले, ओटीपी आलाच नाही. मी समुद्रात होतो, मेसेज मंगळवारी पाहिले. तेव्हापासून त्या साइटला मेल करतोय, उत्तर नाही. भाषांतरवाल्यांवर केस करता येईल का?"

केसचं नंतर बघू. तुमचा मेल गुरुवारी रात्री आला आणि त्यात बँक हा शब्दच नाही, हे वाचून खरंच राग आला. मंगळवार, बुधवार, गुरुवार साइटला मेल करण्यात घालवलेत आणि इथे सगळं त्या दिवसांवरच ठरतं. आज शुक्रवार आहे. पुढचं वाचायच्या आधी बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून कार्ड ब्लॉक करा, तक्रार नंबर घ्या, मग सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा. ब्रँचमध्ये जाऊन लेखी अर्जही द्या आणि पोच शिक्का मारून घ्या, तोंडी सांगून आलो असं सांगणारे आठवड्याला दोन तरी येतात माझ्याकडे.

आता मुद्द्याचं. ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे, त्यात म्हटलंय की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने, म्हणजे पेमेंटची माहिती त्याने स्वतःच कोणाला दिल्याने नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. बँक तुमच्या स्क्रीनशॉटवर बोट ठेवून हेच म्हणणार. म्हणून तो फोटो गॅलरीत उघडून बघा, (परत कुठे अपलोड करू नका, डिलीटही करू नका, पुरावा आहे तो) सीव्हीव्हीच्या जागी तीन आकडे दिसतायत की ठिपके? परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी लागत नाही, कार्ड नंबर, एक्सपायरी आणि ते तीन आकडे मिळाले की काम होतं. आकडे उघडे असतील तर तुमची बाजू लंगडी. ठिपके असतील तर नुसत्या त्या फोटोवरून कार्ड वापरणं बरंच अवघड, मग गळती त्या दुकानाच्या साइटवरूनच झाली असण्याची शक्यता जास्त, कारण पूर्ण आकडे तुम्ही तिथेच टाईप केले होते. काही साइट सीव्हीव्ही न घेताही पैसे कापतात, त्यामुळे मी शंभर टक्के सांगत नाही. पण चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकलीय, अर्जात ही ओळ नक्की लिहा.

ठिपके आहेत असं धरून दिवस मोजू. मेसेज आला तो शुक्रवार धरत नाहीत. दुसरा शनिवार आणि रविवार तुमच्या ब्रँचला सुट्टी, म्हणजे सोमवार पहिला दिवस, बुधवार तिसरा. तिसऱ्या दिवसापर्यंत कळवलं असतंत तर तुमच्यावर एक रुपया आला नसता. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० ची झळ, तुमचे दोन व्यवहार म्हणजे २०,०००, उरलेले २२,५५० बँकेने द्यायचे. आज पाचवा दिवस, उद्या शनिवारी ब्रँच चालू आहे तो सहावा, सोमवार सातवा आणि शेवटचा. त्यानंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सोडून दिलंय, तिथे काय होईल सांगता येत नाही. कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार, त्याला वकील लागत नाही, मीही नको.

भाषांतर साइटवर केस? ते कुठल्या देशात बसलेत ते आधी शोधावं लागेल, फोटो तिथूनच बाहेर गेला हे दाखवावं लागेल, आणि दापोलीच्या कोर्टात नुसती नोटीस बजावायलाच किती तारखा पडतात ते मला विचारा. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि माहिती पुसून घ्यायचा हक्क वगैरे मुख्य भाग १८ महिन्यांनी लागू व्हायचा आहे. त्यांना फोटो काढून टाका असा मेल जरूर करा, कॉपी ठेवा, पण त्यावर भिस्त नको.

पार्ट अजून मागवायचाच असेल तर नवीन कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार फक्त पेमेंटपुरता चालू करा, झालं की लगेच बंद. आणि परत एरर आली तर फोटो क्रॉप करून फक्त ती लाल ओळ ठेवा. नंबरावर मार्कर पेनाने रेघ ओढून पाठवू नका, ती अर्धपारदर्शक असते, ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे दिसतात.