आईला विस्मरणाचा आजार आहे आणि ती स्वतःचं वय पस्तीस सांगते. खरं वय सांगायचं का?

प्रश्न: "माझी आई 78 वर्षांची आहे. डिमेन्शियाचं निदान झालंय. कुणी वय विचारलं की 'पस्तीस' सांगते, तेही अगदी ठामपणे. असं का होतं? आणि आम्ही घरच्यांनी तिला खरं वय सांगायचं की हो ला हो करायचं?"

उत्तर:

सांगू नका. निदान तिनं विचारल्याशिवाय तरी नाही. या एका मुद्द्यावरून आमच्या घरात माझं आणि माझ्या नणंदेचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

माझ्या सासूबाई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. अख्खं गाव त्यांना 'बाई' म्हणायचं. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1943. (त्या पिढीत 1 जूनवाले शेकड्यांनी सापडतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी ती तारीख लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे तुमच्या आईच्या वयात एखाद-दोन वर्षांचा फरक पडला तर तो आजार समजू नका. चाळीस वर्षांचा फरक ही वेगळी गोष्ट.) 2024 मध्ये आम्ही त्यांना डॉक्टरांकडे तपासणीला नेलं. नणंद मुद्दाम पुण्याहून आली होती. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, वय किती तुमचं?" सासूबाई पदर सावरून म्हणाल्या, "चौतीस पूर्ण. पस्तिसावं चालू आहे."

नणंदेला राहवलं नाही. "आई, अगं काय हे! तू एक्क्याऐंशीची आहेस. मीच छप्पन्नची झाले!" सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मग तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आहात." हे ऐकून हसू येतं, पण त्यातला तर्क बघा. हिशोब बरोबर होता, फक्त सुरुवातीचा आकडा जुना होता. नणंदेनं मग पर्समधून आधार कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी फोटो बघितला, "ही कोण म्हातारी?" म्हणाल्या, आणि त्यानंतर डॉक्टरांच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. घरी येऊन रात्री जेवल्या नाहीत.

आता कारण. जन्मसाल एकदा पाठ झालं की झालं, ते बदलत नाही. सासूबाई त्या काळातही 1943 बरोबर सांगायच्या. वय मात्र दरवर्षी बदलतं, म्हणजे मेंदूला दरवर्षी जुना आकडा पुसून नवा लिहावा लागतो. नव्या आठवणी पक्क्या करायच्या कामात हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लागतो आणि अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, तो व त्याच्या लगतचा भाग फार लवकर खराब होतो. मग नवा आकडा लिहिलाच जात नाही.

पण एवढंच असतं तर आजार सुरू झाला त्या वयावर, म्हणजे समजा पंच्याहत्तरवर, आकडा थांबला असता. तसं खरोखर घडलेलं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या रुग्णावर 1953 मध्ये अपस्माराच्या झटक्यांसाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. एप्रिल 1955 मध्ये तपासणीत त्यांनी सांगितलं की हा मार्च 1953 आहे आणि माझं वय 27. तेव्हा ते 29 वर्षांचे होते. त्यांचं घड्याळ शस्त्रक्रियेच्या आसपास बंद पडलं होतं.

अल्झायमरमध्ये ते नुसतं बंद पडत नाही, हळूहळू मागे जातं. अलीकडच्या आठवणी आधी जातात, जुन्या जास्त टिकतात, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी 1881 मध्येच लिहून ठेवलंय. त्यात साधारण दहा ते तिशीच्या दरम्यानच्या आठवणी मुळातच दाट असतात. शिक्षण, लग्न, नोकरी, मुलं, सगळं तेव्हाच पहिल्यांदा घडतं आणि आपण ते आयुष्यभर पुन्हा पुन्हा सांगत असतो. अलीकडची दशकं पुसट झाली की माणूस जिथं अजून स्पष्ट दिसतंय तिथं उभा राहतो आणि तिथलं वय सांगतो. खोटं बोलत नसतो, लाडातही येत नसतो. आणि हे सरळ रेषेत होत नाही. सासूबाई सकाळी कधी स्वतःला "पन्नाशीच्या पुढची" म्हणायच्या आणि दिवेलागणीला चौतिशीत जायच्या. मग माझ्या नवऱ्याला ओळखायच्या नाहीत, कारण त्यांचा मुलगा सहा वर्षांचा होता आणि समोर टक्कल पडलेला गृहस्थ उभा.

आमच्या बाबतीत हे चौतीस काय होतं ते कळायला वेळ लागला. त्या काळात त्या दुसरी भाकरी घ्यायच्या नाहीत. "पोरांना राहू दे" म्हणायच्या. अर्धी भाकरी रुमालात बांधून उशीखाली ठेवायच्या. आणि दिवसातून कितीतरी वेळा एकच प्रश्न, "पगार झाला का?" आम्ही सांगायचो, आई, तुम्हाला पेन्शन आहे, बँकेत जमा होते. त्याचा काही उपयोग नाही. चौतिशीतल्या बाईला पेन्शन कशी असेल?

शेवटी चुलत सासऱ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी 1943 मध्ये चौतीस मिळवले आणि म्हणाले, "अरे, हा तर संप!" डिसेंबर 1977 मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा 54 दिवसांचा संप सुरू झाला होता, त्यात शिक्षकही होते. सासरे पाटबंधारे खात्यात, त्यामुळे घरातले दोन्ही पगार एकदम थांबले. दोन लहान मुलं, वाण्याकडे उधारी. नवऱ्याला यातलं काहीच आठवत नाही, सहा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार. पण त्या हिवाळ्यात सासूबाई स्वतः अर्धपोटी राहिल्या असणार, हे तेव्हा आम्हाला कळलं.

त्यानंतर त्यांनी "पगार झाला का?" विचारलं की मी म्हणायचे, "संप मिटला आई. वाण्याचं सगळं फिटलं, एक पैसा राहिला नाही." त्या "बरं झालं बाई" म्हणून पानावर बसायच्या. रोज नाही, पण बहुतेक वेळा दुसरी भाकरी जायची.

यावरून नणंदेनं मला सुनावलं की "तू माझ्या आईला खोटं सांगून वेड्यात काढतेस." मला हे वाक्य अजून लागतं. संप 1978 च्या फेब्रुवारीत मिटला. उधारी फिटली. मी सांगितलेल्यातला एक शब्द खोटा नव्हता! मी त्यांना चौतीस वर्षांच्या आहात असं एकदाही म्हटलं नाही. म्हणून 'हो ला हो' आणि 'खरं सांगणं' एवढे दोनच रस्ते आहेत असं समजू नका. त्या वयात त्यांना कसली काळजी होती ते शोधा आणि त्या काळजीला लागू पडेल असं खरं वाक्य शोधा. तुमच्या आईचं जन्मसाल घ्या, पस्तीस मिळवा, आणि त्या वर्षी घरात काय चाललं होतं ते मामा-मावशीला विचारा, कारण तुम्ही तेव्हा लहान असाल किंवा जन्मलाही नसाल.

काही सापडलं नाही तरी बिघडत नाही. आईनं "पस्तीस" म्हटलं की "तेव्हा तू कुठं राहत होतीस?" असं विचारा. वयाचा विषय तिथंच मागे पडतो. गेलेल्या माणसाला शोधत असेल तर दरवेळी मृत्यूची बातमी देऊ नका, तिला ती प्रत्येक वेळी नव्यानं ऐकावी लागते. सासूबाई "हे अजून आले नाहीत" म्हणायच्या तेव्हा मी "वाट बघताय का त्यांची?" एवढंच विचारायचे, की त्या सासऱ्यांबद्दल बोलत बसायच्या. मात्र एकदा त्यांनी माझा हात धरून सरळ विचारलं, "ते गेले ना गं?" तेव्हा मी हो म्हटलं. विचारणारं माणूस त्या क्षणी आजच्या काळात असेल तर त्याला फसवायचं नाही. आरशात बघून घाबरत असेल तर आरशावर कापड टाका. आणि पाहुण्यांसमोर "आई, सांग बरं तुझं वय, सांग बरं मी कोण?" असली परीक्षा घेणाऱ्यांना उठवून चहाला आत न्या. मला तो प्रकार बघवत नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

डॉक्टरांकडे मात्र नियम उलटा. तिथं वय विचारतात ते तपासणीचा भाग म्हणून. तिला तिचं उत्तर देऊ द्या. मध्ये सांगू नका, दुरुस्त करू नका, कार्ड काढू नका. खरं वय फाइलमध्ये असतंच.

आता नणंदेच्या बाजूचंही लिहायला हवं. आजार अगदी सुरुवातीला असेल आणि आईला स्वतःलाच "आज कोणता वार, मी कितीची" हे धरून ठेवायचं असेल, तर मोठं कॅलेंडर, वार लिहिलेला फळा, हळूच करून दिलेली आठवण, यांचा फायदा होतो. आमच्याकडेही पहिली काही वर्षं फळा होता. तो वाचून त्या चिडायला लागल्या तेव्हा मी काढला. (नणंदेच्या मते मी तो "लपवला".) औषधं, पैसे, सह्या, गॅस यांच्या बाबतीतही जुन्या काळात रमू देऊन चालत नाही, ते निर्णय आजच्या तारखेनंच घ्यावे लागतात.

आणि हे सगळं हळूहळू आलेल्या विसरण्याबद्दल आहे. कालपर्यंत बरोबर वय सांगणारी आई आज अचानक पस्तीस म्हणायला लागली, झोपाळू झाली, भलतंसलतं दिसतंय म्हणू लागली, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवीतला जंतुसंसर्ग, बीपीच्या गोळ्यांनी कमी झालेलं सोडियम, नवीन सुरू केलेली झोपेची गोळी, डोक्यावर पडल्यानं आत साचलेलं रक्त, यातलं काहीही असू शकतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज असतो.

ताई, तुम्हीही इथं उत्तरं वाचता हे मला माहीत आहे. वाण्याच्या उधारीचं खोटं होतं असं अजूनही वाटत असेल तर काकांना फोन करून विचारा. शेवटचा हप्ता त्यांनीच नेऊन दिला होता.