एकाच बातमीत ट्रम्प दोन प्रकारे का लिहिले आहेत?

*प्रश्न : चिनी शिकतोय. युक्रेनवरच्या एका बातमीत वर 特朗普 आणि 泽连斯基 आहे, खाली चौथ्या परिच्छेदापासून 川普 आणि 泽伦斯基. ही वेगळी माणसं आहेत का? की टायपिंगची चूक?*

माणसं तीच, ट्रम्प आणि झेलेन्स्की. टायपिंगची चूकही नाही. दोन्ही नावं एकाच परिच्छेदापासून बदलली, यावरूनच अंदाज येतो की ही बातमी दोन ठिकाणचा मजकूर जोडून केलेली असावी.

परदेशी नावं चिनी अक्षरांत उच्चारावरून बसवतात. चीनच्या मुख्य भूमीवरची माध्यमं त्यासाठी शिन्ह्वा वृत्तसंस्थेचं वळण पाळतात. चिनी अक्षराच्या सुरुवातीला ‘ट्र’सारखं जोडव्यंजन येत नाही, म्हणून ‘ट’ला स्वतंत्र अक्षर देऊन ते साधारण ‘थ-लांग-फू’ असं करतात. तैवानमध्ये तोच ‘ट्र’ ‘छ’च्या जवळ जाणाऱ्या ध्वनीनं घेतात आणि नाव ‘छ्वान-फू’ होतं. ऐकायला मला तरी तैवानचं जास्त जवळचं वाटतं.

तैवानमध्ये पारंपरिक लिपी वापरतात. मग तिथलं नाव मुख्य भूमीच्या सोप्या लिपीत कसं आलं? पारंपरिक लिपीतला मजकूर सोप्या लिपीत नेणारी साधी साधनं फक्त अक्षराचं रूप बदलतात. 澤倫斯基 चं 泽伦斯基 होतं, पण दुसरं अक्षर 连 होत नाही. 川普 ची दोन्ही अक्षरं तर दोन्ही लिपींत सारखीच, त्यामुळे ते जसंच्या तसं राहतं. तैवानची बातमी उचलून, लिपी बदलून खाली चिकटवली की नेमका असा सांधा दिसतो.

खात्री करायची तर नावं सोडून बाकीचे शब्द बघा. वर क्षेपणास्त्राला 导弹 आणि खाली 飞弹 असेल, किंवा वर पुतिन 普京 आणि खाली 普丁 असतील, तर खालचा भाग तैवानचाच समजा. मात्र दोन्ही रूपं एकाच वाक्यात मिसळली असतील तर हा तर्क लागू नाही. तिथे संपादकाचा निष्काळजीपणा जास्त संभवतो.

हाँगकाँगची गंमत वेगळीच. ट्रम्प, पुतिन, झेलेन्स्की तिथेही बहुतेक मुख्य भूमीसारखेच, म्हणून या तीन नावांवरून हाँगकाँगचा मजकूर ओळखता येत नाही. फुटबॉलच्या पानावर मात्र लगेच पकडता येतो. बेकहॅम तिथे 碧咸, कँटोनीजमध्ये साधारण ‘पिक-हाम’. मँडरिनमध्ये वाचलं तर ‘पी-श्येन’ होतं आणि बेकहॅम कुठल्या कुठे गायब! मुख्य भूमीवर तोच 贝克汉姆.

अनोळखी नाव अडलं तर चिनी विकिपीडियावर त्या व्यक्तीचा लेख उघडा आणि वरून मुख्य भूमी, हाँगकाँग, तैवान असे पर्याय बदलत जा. प्रसिद्ध व्यक्ती असेल तर नावही बहुधा त्याबरोबर बदलतं. तुमच्या बातमीतली दोन्ही रूपं तिथे सापडली, की माणूस एकच.