नामचीन की नामांकित?

«ताई, मी इंदूरची. घरात मराठी, पण शाळा-कॉलेज सगळं हिंदीतून. पुण्यातल्या एका मराठी संकेतस्थळाच्या कॉपी एडिटरच्या जागेसाठी चाचणी म्हणून चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांच्यावर छोटं व्यक्तिचित्र लिहून पाठवलं. ‘नामचीन चित्रकार’ या शब्दांभोवती लाल गोल करून ते परत आलं. बाजूला शेरा होता, ‘नामचीन नको, नामांकित चालेल.’ बेंद्रे यांना तर पद्मश्री मिळाली होती, मग ते नुसते नामांकित कसे? आठवड्याभरात सुधारलेला मजकूर आणि आणखी एक व्यक्तिचित्र मागितलंय. ते इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्यावर लिहावं म्हणते. त्यांना कुप्रसिद्ध म्हटलं तर चालेल का? बाबा म्हणतात, आपलं इंदुरी मराठी असल्या कामाचं नाही, बँकेच्या परीक्षेला बस.»

पुण्यातला वाचक ‘नामचीन’ हा शब्द कुठे वाचतो? पोलिसांच्या बातमीत. नामचीन गुंड, नामचीन गुन्हेगार, क्वचित नामचीन टोळी. तुझ्या पहिल्याच ओळीत त्याला बेंद्रे यांच्या हातात ब्रशऐवजी चाकू दिसला असणार. हिंदीत मात्र ‘नामचीन हस्तियाँ’ मंचावर बसतात, हार घालून घेतात आणि कुणाला काही वावगं वाटत नाही. शब्द एकच, पण नर्मदा ओलांडून दक्षिणेकडे गेला की त्याच्यावर गुन्हा दाखल होतो.

मी हे चेष्टेने म्हणत असले तरी याच शब्दाने माझीही फजिती झाली आहे. खूप वर्षांपूर्वी इथल्या एका मंडळाच्या स्मरणिकेत मी पाहुण्या गायकांचा परिचय लिहिला होता आणि त्यांना मोठ्या आदराने ‘नामचीन’ केलं होतं. पाहुणे मुंबईचे. परिचय वाचून ते हसले आणि म्हणाले, ‘अजून तडीपार केलेलं नाही मला.’ आमच्या घरात तोवर हा शब्द कुणालाच खटकला नव्हता.

आता ‘नामांकित’. तुझा गोंधळ अगदी बरोबर ठिकाणी झाला आहे, कारण इथे प्रकार नेमका उलटा आहे. हिंदीत नामांकित म्हणजे ज्याचं नाव पुरस्कारासाठी किंवा पदासाठी सुचवलं आहे तो. मराठीत नामांकित म्हणजे ज्याचं नाव आहे, दबदबा आहे तो किंवा ती: नामांकित कॉलेज, नामांकित कंपनी, नामांकित वकील. पुरस्कारासाठी नाव सुचवल्याचं सांगायचं असेल तर मराठीत ‘नामांकन मिळालं’ म्हणतात. म्हणजे संपादकांनी बेंद्रे यांना मोठं केलं होतं आणि तू ते छोटं केल्यासारखं वाचलंस. तरीही माझ्या कानाला चित्रकारापुढे नामांकित थोडा कोरडा वाटतो. संस्था, दवाखाने, वकील यांना तो शोभतो. कलावंताला ‘ख्यातनाम’ किंवा ‘नामवंत’ अधिक बसतो. ते दोन्ही शब्द मराठीत स्वच्छ आहेत, त्यांच्यावर कसलाही डाग नाही.

याच कुळातला तिसरा शब्द तुझ्या लेखात नाही, पण पुढे कधी येईल म्हणून सांगून ठेवते. हिंदीत ‘नामी वकील’ म्हणजे नावाजलेला. मराठीत ‘नामी’ म्हणजे झकास, हुशारीचा: नामी युक्ती, नामी संधी. ‘नामी चित्रकार’ लिहिलंस तर अर्थ लागेल, पण वाचकाला वाटेल की तू त्याच्या खांद्यावर हात टाकून बोलते आहेस.

शब्दकोशात हे कळत नाही. तिथे नामचीन, नामांकित, नामवंत या सगळ्यांसमोर थोड्याफार फरकाने ‘प्रसिद्ध’ असंच सापडतं. म्हणून एक साधी रीत सांगते. संशय आलेला शब्द कुठल्याही मराठी दैनिकाच्या संकेतस्थळावर शोध आणि त्याच्या लगेच पुढे कोणतं नाम येतं तेवढंच वहीत उतरवून घे. वीस वाक्यं पुरतात. ‘नामचीन’च्या पुढे गुंड, गुन्हेगार असेच शब्द भरभरून सापडतील. ‘ख्यातनाम’च्या पुढे गायक, लेखक, शिल्पकार येतील. ‘सुप्रसिद्ध’चे नमुने जाहिराती आणि निमंत्रणपत्रिकांतून अधिक मिळतील, त्यामुळे तो शब्द कानात भोंग्यासारखा वाजतो. ‘लोकप्रिय’ पाहिलास तर कळेल की तो लोकांच्या आवडीबद्दल बोलतो, गुणवत्तेबद्दल गप्प राहतो. शिवाय नेत्यांच्या वाढदिवसाच्या फलकांनी त्याला पार झिजवला आहे. शब्दाची संगत पाहिली की त्याचा स्वभाव कळतो. हीच वही हिंदी वृत्तपत्रांवरूनही केलीस आणि दोन्ही पानं समोरासमोर ठेवलीस, तर तुझ्याकडे असं काही तयार होईल जे पुण्यात वाढलेल्या उमेदवाराकडे नसतं.

आता एक बारीक चूक, जी संपादकांच्या नजरेतून सुटलेली दिसते. तू पाठवलेल्या मजकुराच्या शेवटी बेंद्रे यांचे विद्यार्थी गुलाम मोहम्मद शेख यांच्याबद्दल लिहिलं आहेस, ‘त्यांच्या गुजराती कविताही प्रसिद्ध झाल्या.’ तुला म्हणायचंय की कविता गाजल्या. मराठी वाचकाला मात्र कळतं की त्या छापून आल्या, कारण आपल्याकडे लेख, निकाल, जाहिरात, पुस्तक सगळं ‘प्रसिद्ध होतं’. ‘प्रसिद्ध आहेत’ म्हणजे लोकांना माहीत आहेत आणि ‘प्रसिद्ध झाल्या’ म्हणजे बहुतेक वेळा छापल्या गेल्या. एका क्रियापदात अर्थ फिरतो. छापल्याबद्दल बोलायचं असेल तर ‘प्रकाशित’ वापर, म्हणजे शंकेला जागाच उरत नाही.

सुधारलेला मजकूर पाठवताना नामचीन खोडून ख्यातनाम लिहिलंस तर चूक दुरुस्त होईल, लेख सुधारणार नाही. कुणाही माणसापुढे कीर्तीचं विशेषण आलं की स्वतःला विचार, कुणात आणि कशामुळे? उत्तर देता आलं तर ते उत्तरच लिही आणि विशेषण काढून टाक. बेंद्रे यांच्याबाबतीत उत्तर तुझ्याच लेखात आहे, फक्त तिसऱ्या परिच्छेदात दडलंय. ते वर आणलं की सुरुवात साधारण अशी होते:

‘१९१० साली इंदुरात जन्मलेले आणि तिथल्याच कलाशाळेत देवळालीकरांच्या हाताखाली शिकलेले ना. श्री. बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला शिकवायला गेले. गुलाम मोहम्मद शेख आणि ज्योती भट्ट हे तिथले त्यांचे विद्यार्थी. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.’

यात प्रसिद्ध, ख्यातनाम, नामवंत यांपैकी एकही शब्द नाही. हा नियम मात्र आंधळेपणाने पाळू नकोस. शीर्षकाखालच्या एका ओळीत, चित्राच्या ओळीत किंवा कार्यक्रमाच्या सूचनेत सगळं सांगायला जागा नसते. तिथे ‘ख्यातनाम चित्रकार’ बिनधास्त लिही.

तुकोजीरावांचं प्रकरण अवघड आहे आणि म्हणूनच चाचणीसाठी चांगलं आहे. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्यांच्या सोबत मोटारीत मुमताज बेगम होत्या. त्या इंदूर दरबारातल्या नर्तकी होत्या आणि दरबार सोडून गेल्या होत्या. हल्लेखोरांचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले. इंग्रज सरकारने महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या, चौकशी आयोगाला सामोरं जा किंवा गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी मुलासाठी, यशवंतरावांसाठी, गादी सोडली.

या खुनाच्या खटल्याला तू ‘गाजलेला’ म्हणू शकतेस, मराठीत तो जोड रूढ आहे: गाजलेला खटला, गाजलेलं भाषण, गाजलेलं नाटक. गाजलेला हा शब्द फक्त आवाज मोजतो, बरं-वाईट ठरवत नाही. महाराजांपुढे कुप्रसिद्ध लावलंस की तू निकाल देतेस आणि तोही असा, जो कुठल्या न्यायालयाने दिला नव्हता, कारण त्यांच्यावर स्वतःवर खटला चाललाच नाही. त्यांनी गादी सोडली, चौकशी टाळली, हे लिही. वाचक काय ते ठरवेल. आणि पॅट्रिक गेडिस यांचा इंदूरच्या नगररचनेचा १९१८ चा अहवाल त्यांच्याच कारकिर्दीतला आहे, तोही त्याच पानावर येऊ दे. कुप्रसिद्ध म्हटल्यावर वाचक गेडिसपर्यंत पोहोचतच नाही.

‘कुप्रसिद्ध’ आणि ‘कुख्यात’ यांतही भेद आहे. कुख्यात बहुधा माणसाला लागतो, दरोडेखोर, तस्कर वगैरे. कुप्रसिद्ध कायद्याला, तुरुंगाला, जागेलाही लागतो: १९१९ चा कुप्रसिद्ध रौलट कायदा. तिसरा ‘बदनाम’, आणि तो बिचारा वेगळाच. त्यात कुणीतरी नाव खराब केल्याचा वास असतो, म्हणजे वाचकाची सहानुभूती तिकडे वळते. महाराजांना बदनाम म्हटलंस तर तू त्यांची बाजू घेतली असं होईल, कुप्रसिद्ध म्हटलंस तर विरोधात गेलीस. जिवंत माणसाबद्दल गुन्हा सिद्ध होण्याआधी कुख्यात लिहिणं तर नोकरीच्या पहिल्याच महिन्यात वकिलाची नोटीस आणू शकतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे. नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृत व्यक्तीवर केलेला आरोपही त्यात येऊ शकतो. डेस्कवर त्यासाठी ‘आरोपी’, ‘संशयित’ असे शब्द ठरलेले असतात, ते आत्ताच अंगवळणी पाड.

बाबांना सांग, त्यांची शंका अर्धी खरी आहे. निव्वळ मराठीवर तू पुण्याच्या मुलांशी झुंजशील तर सुरुवातीची वर्षं दमछाक होईल. पण हिंदीतून आलेला मजकूर मराठीत नीट उतरवणारा माणूस संपादकांना हवाच असतो, आणि ‘नामांकित’ पाहून थबकणारी तू ते काम त्या मुलांपेक्षा लवकर शिकशील. बँकेची परीक्षा द्यायची तर दे, पण हा आठवडा जाऊ दे. मजकूर पाठवताना सोबतच्या पत्रात नामचीन-नामांकितचा गोंधळ स्वतःच दोन ओळींत लिहून टाक, आणि दोन पानांच्या वहीतला एखादा नमुना जोड. मी ती निवड करत असते तर तुझ्या लेखाआधी ते पान वाचलं असतं.