अँटिकोडॉन टेम्प्लेटसारखे येणं चूक नाही, टोकं न लिहिणं चूक आहे

प्रश्न: डीएनएची टेम्प्लेट स्ट्रँड दिली असेल तर एमआरएनए, टीआरएनएचे अँटिकोडॉन आणि अमिनो आम्लांचा क्रम कसा काढायचा? माझे अँटिकोडॉन दरवेळी टेम्प्लेटसारखेच येतात, फक्त T च्या जागी U. काहीतरी चुकतंय का?

उत्तर: काहीही चुकत नाही. एमआरएनए टेम्प्लेटला पूरक आणि अँटिकोडॉन एमआरएनएला पूरक, म्हणजे दोनदा पूरक अक्षरं घेऊन तुम्ही परत टेम्प्लेटच्याच अक्षरांवर येणार. तसं आलं नाही तर मात्र मधे कुठेतरी गडबड झाली असं समजा. उत्तर पडताळायची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही.

खरी गोम टोकांची आहे. कोणतं टोक 5' आणि कोणतं 3' हे न बघता डावीकडून सरळ सुटलं की सगळं गणित वाया जातं. मी विदर्भात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवायचो. आमच्या भागात सिकलसेल घरोघरी ऐकलेला आजार आहे, म्हणून मी कधी मनाने रचलेली अक्षरं दिली नाहीत. ज्याच्यातल्या बदलाने हा आजार होतो त्या बीटा ग्लोबिनच्या जनुकाचीच सुरुवात द्यायचो, आणि मुद्दाम अशी:

```
5'-CTC CTC AGG AGT CAG ATG CAC CAT-3'
```

ही टेम्प्लेट आहे. डावीकडून पूरक अक्षरं लिहीत गेलात तर GAG GAG UCC UCA असं काहीतरी मिळतं आणि ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, सेरिन, सेरिन अशी साखळी तयार होते. दिसायला झकास. मधे कुठे थांबा-कोडॉनही लागत नाही, त्यामुळे शंका यायला जागा राहत नाही. पण त्या आठ त्रिकांत AUG कुठेच नाही, आणि जनुकाची सुरुवात दिलेली असताना AUG न सापडणं म्हणजे उलट्या टोकाने वाचल्याची खूण.

काही हुशार मुलं वेगळ्याच खड्ड्यात पडायची. त्यांना टेम्प्लेटमध्ये ATG दिसायचं (सहावं त्रिक बघा) आणि ती तिथूनच सुरुवात करायची. पण टेम्प्लेटमधल्या ATG चा सुरुवातीशी संबंध नाही. सुरुवात एमआरएनएच्या AUG ला होते, आणि टेम्प्लेट 5' कडून लिहिली असेल तर तिच्यात ते CAT म्हणून दिसतं. आपल्या उदाहरणात ते अगदी उजव्या टोकाला आहे.

एमआरएनए 5' कडून 3' कडे तयार होतो, म्हणजे टेम्प्लेट 3' कडून वाचली जाते. म्हणून आधी पट्टी अक्षर-अक्षर उलटी लिहून घ्या, मगच पुढचं:

```
टेम्प्लेट   3'-TAC CAC GTA GAC TGA GGA CTC CTC-5'
एमआरएनए  5'-AUG GUG CAU CUG ACU CCU GAG GAG-3'
अँटिकोडॉन 3'-UAC CAC GUA GAC UGA GGA CUC CUC-5'
```

तक्त्यात बघायचं ते फक्त मधल्या ओळीवरून. मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल. कुणी अँटिकोडॉनची ओळ घेऊन तक्त्यात शिरलं तर साखळी टायरोसिनने सुरू होते आणि पाचव्या त्रिकाला, UGA पाशी, बंद पडते. उत्तरपत्रिकेत हे दिसलं की चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली ते लगेच कळायचं.

आता अँटिकोडॉन कुठल्या दिशेने लिहायचा, यावर मला बोलायचंच आहे. एका वर्षी आमच्या भागातल्या काही कॉलेजांची पूर्वपरीक्षा एकत्र झाली. AUG चा अँटिकोडॉन विचारला होता. माझ्या वर्गातल्या एका मुलीने 5'-CAU-3' लिहिलं, टोकांसकट. नमुना उत्तरात UAC होतं, टोकांशिवाय. तपासणारे सर माझ्यापेक्षा सीनिअर. त्यांनी शून्य दिलं. मी स्टाफरूममध्ये जाऊन फळ्यावर दोन्ही पट्ट्या काढून दाखवल्या. कोडॉन आणि अँटिकोडॉन एकमेकांना उलट दिशेने चिकटतात, त्यामुळे 3'-UAC-5' आणि 5'-CAU-3' हा एकच रेणू आहे, फक्त वाचायला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली आहे. सर म्हणाले, "बोर्डाला एवढं लागत नाही." गुण मिळाले नाहीत.

मला ते अजूनही पटलेलं नाही. न्यूक्लिइक आम्लाचा क्रम 5' कडून लिहायचा हा जगभरचा रिवाज आहे. माणसाच्या टीआरएनए जनुकांच्या यादीत मेथिओनिनचं जनुक tRNA-Met-CAT या नावाने आहे, TAC नावाने नाही. रॉबर्ट हॉली यांच्या गटाने 1965 मध्ये यीस्टच्या अ‍ॅलानिन टीआरएनएचा संपूर्ण क्रम मांडला, त्याचा अँटिकोडॉनही IGC असा 5' कडूनच लिहितात, यातला I म्हणजे इनोसिन. त्या मुलीचं उत्तर नमुना उत्तरापेक्षा जास्त पूर्ण होतं. टोकं न लिहिलेलं UAC वाचणाऱ्याने 5' कडून वाचलं, तर तो टायरोसिनचा कोडॉन UAC ओळखणारा अँटिकोडॉन ठरत नाही आणि मेथिओनिनचाही ठरत नाही. तो GUA चा, म्हणजे व्हॅलिनचा होतो. एवढा फरक पडतो.

गंमत म्हणजे सिकलसेलच्या जागेवर हा वाद दिसतच नाही. 3' कडून लिहिलेल्या आपल्या पट्टीतलं सातवं त्रिक CTC चं CAC झालं की कोडॉन GAG चा GUG होतो, अँटिकोडॉन CUC ऐवजी CAC लागतो आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं. CUC आणि CAC दोन्ही बाजूंनी सारखेच वाचले जातात, म्हणून दिशा चुकवणाऱ्यालाही इथे पूर्ण गुण मिळतात आणि चूक पुढच्या प्रश्नापर्यंत लपून राहते. पुस्तकात ही जागा सहावी म्हणतात, आपल्या मोजणीत सातवी येते, कारण पहिलं मेथिओनिन नंतर कापलं जातं.

दोन गोष्टी राहिल्या. थांबा-कोडॉनसमोर अँटिकोडॉन लिहू नका, जागा कोरी ठेवा. UAA, UAG, UGA यांच्यासाठी नेहमीचा टीआरएनए नसतो, तिथे रिलीज फॅक्टर नावाचं प्रथिन येतं. आणि वरचे सगळे अँटिकोडॉन कागदावरचे आहेत. पेशीत कोडॉनच्या तिसऱ्या अक्षराला सवलत असते, उदाहरणार्थ ACU ओळखणाऱ्या टीआरएनएत कागदावरच्या A च्या जागी प्रत्यक्षात इनोसिन असतं आणि तोच टीआरएनए ACC लाही चालतो. फ्रान्सिस क्रिक यांनी ही कल्पना 1966 मध्ये मांडली. परीक्षेत हे विचारलं नसेल तर लिहू नका.

प्रश्नात टोकं दिलेली नसतील तर उत्तराच्या वर "डावं टोक 3' धरून" असं लिहा आणि अँटिकोडॉनच्या दोन्ही बाजूंना टोकं लिहा. टेम्प्लेटच्या खाली जुळवून दाखवायचं असेल तर 3' कडून, अँटिकोडॉन सुटा विचारला असेल तर 5' कडून. एवढं लिहूनही कुणी गुण कापले तर पुनर्तपासणीचा अर्ज करा. त्या मुलीने केला नाही. मी करायला सांगायला हवं होतं असं नाही, मी सांगितलं होतं, पण प्रिलिमसाठी कोण भांडणार असं तिच्या घरचे म्हणाले.