पॅप रिपोर्टमधलं एएससी-यूएस आणि एचपीव्ही टेस्ट

"माझं वय ३४, पॅप स्मिअरच्या रिपोर्टात एएससी-यूएस लिहिलंय, डॉक्टर म्हणाल्या एचपीव्ही पण करा. हा कॅन्सर आहे का?"

नाही ताई, कॅन्सर नाही. मी बेळगावात लॅबमध्ये पॅपच्या, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरून घेतलेल्या पेशींच्या, स्लाइड बघायचं काम करते. एएससी-यूएस आम्ही तेव्हा लिहितो जेव्हा पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, केंद्रक जरा मोठं वाटतं, पण बदल आहे असं छातीठोक सांगता येत नाही. नुसती सूज, इन्फेक्शन असलं तरी पेशी अशा दिसू शकतात. सगळं ठीक असलं की रिपोर्टात एनआयएलएम येतं, एलसिल म्हणजे सौम्य बदल, आणि एचसिल म्हणजे जास्त बदल किंवा एएससी-एच म्हणजे तशी शंका आली तर मात्र थांबायचं नाही, लगेच कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी.

आता एचपीव्ही कशाला, तर स्मिअर पेशी कशा दिसतात ते सांगतं आणि एचपीव्ही टेस्ट ज्या व्हायरसमुळं गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो तिथं आहे का ते सांगते. दोन्ही मिळून केलं की त्याला को-टेस्टिंग म्हणतात, साधारण तिशीनंतर करतात, कारण विशीत हा व्हायरस खूप जणींना येऊन आपोआप जातो, तेव्हा शोधून नुसती भीती वाढते. तुमचा सँपल बाटलीतल्या द्रवात घेतला असेल तर त्यातूनच टेस्ट होऊ शकते, काचेवर घेतला असेल तर परत द्यावा लागेल, हे आधी लॅबला फोन करून विचारा, उगाच खानापूर-निपाणीहून दोन खेपा नकोत.

माझ्या जाऊबाईंचं सांगते, वय ३६, असंच एएससी-यूएस आलं होतं. एचपीव्ही निगेटिव्ह आला असता तर ३ वर्षांनी परत तपासणी, एवढंच. पण पॉझिटिव्ह आला, म्हणून कॉल्पोस्कोपी झाली. त्यात गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून दुर्बिणीतून बघतात, बदललेला भाग पांढरा दिसतो, तिथला बारीक तुकडा बायोप्सीला घेतात. त्यात सिन १ आलं, म्हणजे सर्वात सौम्य, बऱ्याचदा आपोआप जाणारं, त्यामुळं काही कापलं नाही, वर्षानं परत या म्हणाले.

पण हा व्हायरस संबंधातून येतो, म्हणून घरात आधी रडारड झाली ती नवऱ्यावरच्या संशयानं. तसं काही नसतं हो, हा व्हायरस अंगात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो, आज पॉझिटिव्ह आला म्हणजे आत्ताच कुठून आला असं अजिबात नाही.

एक मात्र बघा, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त जात असेल तर रिपोर्ट कितीही चांगला येऊदे, डॉक्टरांना ते सांगून आतून तपासून घ्या, कारण स्मिअर आणि एचपीव्ही दोन्हींतून कधीकधी कॅन्सर सुटतो.